गुलाबजल नासू न देता कसं वापरावं

पाण्यात गुलाबाच्या इसेन्शियल ऑइलचे चार थेंब टाकले की गुलाबजल तयार, हा सल्ला आधी सोडून द्या. तेल पाण्यात विरघळत नाही. बाटली कितीही हलवा, ते पुन्हा वर येतं आणि फवारताना निव्वळ तेलाचा थेंब गालावर बसतो. आग होते, लाल चट्टा उठतो. पाकळ्या उकळून गाळलेलं रंगीत पाणीही गुलाबजल नव्हे, तो काढा आहे आणि काही दिवसांतच आंबतो. खरं गुलाबजल वाफेवर ऊर्ध्वपातन करून मिळतं आणि रंगहीन असतं. त्यात सुगंधी द्रव्य एक टक्क्याच्या जवळपासही नसतं, म्हणून ते तसंच लावता येतं.

तोंड धुवा, त्वचा ओलसर असतानाच गुलाबजल फवारा आणि लगेच क्रीम लावा. इसेन्शियल ऑइल मात्र कधीही नुसतं लावू नका. चेहऱ्यासाठी 30 मिली बदाम तेलात 6 थेंब पुरेत, म्हणजे साधारण 1 टक्का. गुलाबजल आणि हे तेलाचं मिश्रण, दोन्हींची आधी कोपराच्या आतल्या बाजूला 24 तास चाचणी घ्या.

खरी अडचण साठवणीत येते. गुलाबजल सौम्य आहे म्हणूनच ते नासतं: त्यात जंतूंना वाढायला भरपूर पाणी असतं आणि त्यांना रोखण्याइतकं सुगंधी द्रव्य नसतं. ‘व्हिटॅमिन ई घाला, टिकेल’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतू मारत नाही.

समजा 200 मिली गुलाबजल आहे आणि त्यात परिरक्षक नाही. 50 मिलीच्या चार काचेच्या बाटल्या, झाकणं आणि फवाऱ्याची नळी 70 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने आतून धुऊन पूर्ण वाळवा. बाटल्या काठोकाठ भरा, तारीख लिहा, फ्रिजमध्ये ठेवा. एका वेळी एकच उघडा. तोंडाशी बोट किंवा कापूस लावू नका. एका कापसाच्या स्पर्शाने आत गेलेले जंतू अख्खी बाटली घालवतात. नीट ठेवलेलं, न उघडलेलं गुलाबजल महिनोन्‌महिने टिकतं. उघडलेली बाटली मात्र महिन्याभरात संपवा.

दर आठवड्याला बाटली उजेडात धरून हलकेच फिरवा. तळाशी कापसाच्या तंतूंसारखं काही तरंगताना दिसलं, पाणी गढूळ झालं किंवा वास आंबट आला, तर ते ओतून द्या. गाळून वाचवायचा प्रयत्न करू नका, कारण तंतू गाळणीत अडकले तरी जंतू पाण्यातच राहतात. वास चांगला आहे एवढ्यावरही विसंबू नका. जंतू वाढलेलं पाणी बराच काळ गुलाबासारखंच दरवळतं.

इसेन्शियल ऑइलमध्ये पाणी नसल्यामुळे त्यात बुरशी धरत नाही. त्याला हवा आणि उजेड बिघडवतात. लिंबू, संत्रं, टी ट्री ही तेलं उघडल्यावर वर्षभरात संपवा. जुनं झालेलं तेल त्वचेला ॲलर्जी लावू शकतं, आणि एकदा लागलेली ती ॲलर्जी पुढे ताज्या तेलानेही उठते.