सणाची सवलत खरी की फुगवलेली? किमतीच्या आलेखाचा स्क्रीनशॉट असा वाचा

सांगलीच्या बाजार समितीत हळदीचे सौदे झाले की दराच्या तक्त्यात तीन आकडे येतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. गावात येऊन गप्पा कमाल दराच्या होतात, पण घरचा हिशेब सर्वसाधारण दरानेच मांडला जातो. कमाल दर एखाद्या उजव्या लॉटला लागलेला असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. ऑनलाइन वस्तूच्या किमतीचा आलेख बघताना मीही हेच तीन आकडे शोधतो. त्यातला सर्वसाधारण दर सापडला की बाकीचं काम दोन मिनिटांचं उरतं.

घटस्थापनेच्या चौथ्या दिवशी विश्रामबागेतल्या मामीने एक स्क्रीनशॉट पाठवला. ७५० वॉटचा मिक्सर, छापील किंमत ६,९९९ रुपये, सेलमध्ये ३,३४९, वर लाल पट्टीत ‘५२% सूट’. खाली किमतीचा आलेख, त्यातली रेघ वरून थेट विहिरीत पडल्यासारखी. सोबत मेसेज: “बघ की रे, निम्म्याच्या खाली आलाय. आजच घेऊन टाकू का?”

आधी चित्र पूर्ण आहे का बघा

मामीला तो स्क्रीनशॉट एका डीलच्या ग्रुपवरून आला होता आणि त्याची डावी बाजू कापलेली होती. दिसत होते ते शेवटचे जेमतेम वीस दिवस. अशा चित्रावरून काहीही ठरवू नका. किंमत-इतिहास दाखवणाऱ्या ॲपमध्ये त्या वस्तूची लिंक स्वतः टाका आणि आलेखाची मुदत वाढवा. तिथे बहुधा 1M, 3M, 1Y अशी बटणं असतात. त्यातलं 1Y दाबा. वर्षभराचं चित्र यासाठी, की त्यात गेल्या दिवाळीचा सेलही येतो.

नवा स्क्रीनशॉट काढताना चार गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत: वस्तूचं पूर्ण नाव, खालच्या तारखा, डावीकडचे रुपयांचे आकडे आणि आलेख शेवटचा कधी अद्ययावत झाला ती वेळ. नाव नीट वाचा. तीन भांड्यांचा मिक्सर आणि चार भांड्यांचा मिक्सर यांचे आलेख वेगळे असतात. एकाचा आलेख दाखवून दुसऱ्याची लिंक देणारे महाभागही भेटतात.

डावीकडचे आकडे कुठून सुरू होतात?

मामीच्या आलेखात तळाला शून्य नव्हतं, ३,००० होतं आणि माथ्याला ४,५००. त्यामुळे रेघ ४,२९९ वरून ३,३४९ वर आली, तेव्हा डोळ्याला तिची उंची जेमतेम पावपट उरल्यासारखी दिसली. प्रत्यक्षात घट ९५० रुपयांची, म्हणजे २२ टक्के. ॲपवाल्यांची यात लबाडी नसते; शून्यापासून आखलं तर लहान चढउतार दिसणारच नाहीत, म्हणून तसं करतात. आपण मात्र रेघेच्या उतारावर भाळायचं नाही, आकडे वाचायचे.

आकडा नीट कळत नसेल तर फोन सरळ धरून कागदाची कड आडवी लावा आणि ती रेघेच्या पातळीवरून डावीकडे आकड्यांपर्यंत न्या. मामीने बँकेच्या पासबुकाची कड लावली होती.

सर्वसाधारण दर कसा काढायचा

आता मुख्य काम. वर्षभराच्या आलेखात सर्वांत जास्त लांबीची सपाट रेघ शोधा. मधे थोडी वरखाली होऊन किंमत पुन्हा त्याच पातळीवर येत असेल तर ते तुकडे एकत्र धरा. तीच त्या वस्तूची रोजची किंमत, आपला सर्वसाधारण दर.

मामीच्या मिक्सरचं वर्ष असं होतं. गेल्या दिवाळीआधीच्या सेलमध्ये सहा दिवस ३,०९९. त्यानंतर ३,४९९ ची लांबलचक रेघ. मे महिन्यात तीन आठवडे ३,६९९, मग परत ३,४९९. पितृपक्ष लागला त्या दिवशी एकदम ४,२९९. तिथे पंधरा दिवस मुक्काम आणि घटस्थापनेला ३,३४९.

३,४९९ च्या तुकड्यांची बेरीज जवळपास साडेदहा महिने भरते. म्हणजे ३,३४९ ला घेतल्यावर मामीचे खरे वाचतात १५० रुपये, चार टक्क्यांच्या थोडं वर. बाकीची सूट कागदावरची. छापील किंमत ही कंपनीने ठरवलेली वरची मर्यादा असते, सगळे कर धरून. कायद्याने त्याहून जास्त घेता येत नाही एवढाच तिचा अर्थ. ६,९९९ च्या निम्मे ३,४९९ होतात. म्हणजे हा मिक्सर वर्षातले साडेदहा महिने ‘५०% सूट’ लावूनच बसला होता.

आणि ती पंधरा दिवसांची टेकडी? पितृपक्षात आपल्याकडे नवी वस्तू घ्यायला बरेच जण कचरतात. गिऱ्हाईक नसताना भाव चढवला तर विक्रेत्याचं फारसं बिघडत नाही आणि पुढच्या सेलमध्ये पाडायला उंची मिळते. हेतू तोच होता असं आलेखावरून सिद्ध करता येणार नाही. कधी स्वस्त विक्रेत्याचा माल संपतो आणि महागड्याचा भाव वर दिसू लागतो. पण सेलच्या तोंडावर चढलेली आणि सेलच्या दिवशीच उतरलेली टेकडी हिशेबातून वगळायची, कारण काहीही असो.

‘सरासरी’चा आकडा का फसवतो

बहुतेक ॲपमध्ये आलेखाखाली सरासरी किंमत तयार मिळते आणि लोक तिच्याशी तुलना करून मोकळे होतात. मामीच्या मिक्सरची ३० दिवसांची सरासरी ३,८७९ येत होती, कारण त्यातले १५ दिवस टेकडीचे होते. तिच्यापुढे ३,३४९ म्हणजे १४ टक्के स्वस्त वाटतं. तोच आकडा वर्षाचा काढला तर ३,५३५ येतो आणि सूट पाच टक्क्यांवर उतरते. मुदत जितकी लहान तितकी टेकडी सरासरीला वर ओढते. सरासरीच बघायची असेल तर वर्षाची बघा.

युरोपीय संघाने याच युक्तीवर २०२२ च्या मे महिन्यापासून एक नियम लागू केला आहे: सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत ‘आधीची किंमत’ म्हणून दाखवायची. ही चाळणी आपल्याला घरबसल्या वापरता येते. मामीच्या आलेखात सेलआधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत ३,४९९ च होती, म्हणजे उत्तर तेच आलं. पण टेकडी दीड महिना आधी उभारली असेल तर ही चाळणी फसते. म्हणून मी आधी सर्वसाधारण दर काढतो आणि हिने फक्त पडताळा घेतो.

किमान दर: सुई की पायरी?

आलेखातली सर्वांत कमी किंमत बघताना तिचा आकार बघा. सुईसारखी टोकदार खाली जाऊन लगेच वर आलेली रेघ असेल तर ती तासाभराची डील असते, चुकून लागलेला भाव असतो किंवा ॲपने नोंदच चुकीची घेतलेली असते. त्या किमतीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. मामीच्या आलेखातली ३,०९९ ची रेघ मात्र सहा दिवसांची, सपाट पायरीसारखी होती. ही किंमत खरोखर मिळत होती. आताचा सेल तिच्यापेक्षा २५० रुपयांनी महाग निघाला.

किंमत बदलते ती पायरीपायरीने. रेघ तिरपी उतरताना दिसली तर किंमत रोज थोडी थोडी कमी होत होती असं समजू नका. मधल्या दिवसांच्या नोंदी नाहीत आणि ॲपने दोन टोकं नुसती जोडली आहेत, असं बहुधा असतं. तसा भाग हिशेबात धरू नका. रेघ मधेच तुटली असेल तर तेव्हा बहुतेक माल संपलेला असतो.

वस्तू बाजारात येऊन दोनच महिने झाले असतील तर सर्वसाधारण दर काढायला जागाच नसते. अशा वेळी त्याच कंपनीच्या आधीच्या मॉडेलचा आलेख बघावा, तोही अंदाजापुरताच.

टीव्हीच्या आलेखातली एक खास पायरी

२२ सप्टेंबर २०२५ ला ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, एसीचंही तसंच. आधी ४०,००० ला मिळणारा टीव्ही निव्वळ करामुळे ३६,८७५ वर यायला हवा. त्या तारखेला आलेखात तेवढी पायरी दिसली तर ती दुकानाची सूट नव्हे. सूट मोजायची ती ३६,८७५ च्या खाली. त्याआधीचे आकडेही सर्वसाधारण दरात मिसळू नका. मिक्सरवर तेव्हाही १८ टक्केच होता, आताही तोच आहे, त्यामुळे मामीच्या हिशेबात हे आलं नाही.

रेघेत न दिसणारे पैसे

मामीने शेवटचा मुद्दा काढला: “अरे पण माझ्या कार्डावर ३,०१४ दाखवतंय.” आलेखात साधारणपणे सगळ्यांना लागू असलेली किंमत नोंदली जाते. कार्डावरची दहा टक्के, कूपन, जुन्या वस्तूचे पैसे हे त्यात धरलेलं नसतं. त्यामुळे कार्डाची किंमत रेघेशी ताडून बघणं म्हणजे सोललेल्या शेंगांची टरफलासकटच्या शेंगांशी तुलना. आधी रेघेची तुलना रेघेशी करायची: ३,३४९ विरुद्ध ३,४९९. मग कार्डाचे ३३५ रुपये वेगळे मांडायचे. ते वाचतात हे खरं, पण ती सवलत बँकेच्या ऑफरची आहे. तीच ऑफर दिवाळीच्या सेलमध्ये पुन्हा येईल का, हा वेगळा प्रश्न.

मी मामीला सांगितलं: सूट खोटी नाही, किरकोळ आहे. जुना मिक्सर बंद पडला असेल तर कार्डावर घेऊन टाक. चालू असेल तर ॲपमध्ये ३,१५० ची सूचना लावून ठेव. गेल्या वर्षीच्या पायरीच्या जरा वर, म्हणजे पन्नास रुपयांसाठी संधी हुकायची नाही. तोवर मारुती रोडवरच्या दुकानात तोच मॉडेल नंबर सांगून भाव विचार.

संध्याकाळी तिचा फोन आला. दुकानदाराने ३,४०० सांगितले होते, भांड्याचं पातं बिघडलं तर दुकानातच बदलून देण्याच्या बोलीवर. मामी म्हणाली, “दसऱ्याला जाऊन आणते. पन्नास तर कमी करून घेतेच की.”