गुरुवारी गल्ला खरंच कमी होतो का? वार आणि महिन्यांचा कल तपासायची पद्धत

समजा, कर्वेनगरात एकाची अंडाभुर्जीची गाडी आहे. सातही दिवस संध्याकाळी लागते. मालकाचं म्हणणं, "गुरुवारी गिऱ्हाईकच नसतं." गेल्या दहा आठवड्यांची वही उघडली, तर त्यातल्या चार आठवड्यांत सगळ्यांत कमी गल्ला गुरुवारचाच निघतो. मग गुरुवारी मदतनीस पोराला सुट्टी द्यावी का? (इथले आकडे समजावण्यापुरते घेतलेत. आपल्या वहीतले आकडे घालून तेच गणित करता येईल.)

आधी वही तपासणीच्या कामाची करून घ्या. प्रत्येक आठवड्याची एक ओळ आणि सोमवार ते रविवार असे सात रकाने. रोजची विक्री रुपयांत लिहा आणि ओळीतल्या सगळ्यांत कमी आकड्यावर खूण करा. सरसकट "गुरुवारची सरासरी" काढण्यापेक्षा ही खूण बरी. मुसळधार पावसाच्या आठवड्यात सातही दिवस पडतात, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सातही वर जातात. एकाच आठवड्यातले दिवस एकमेकांशी ताडले की हा चढउतार आपोआप बाजूला पडतो.

जे आठवडे मोडके आहेत, म्हणजे एखाद्या दिवशी गाडीच लागली नाही, पालखीमुळे रस्ता बंद होता, मधेच आषाढी एकादशी आली, ते पूर्ण काढून टाका. मात्र कोणते आठवडे काढायचे हे खुणा करण्याआधी ठरवा. नंतर ठरवायला बसलं की आपल्या मताला न जुळणारे आठवडेच नेमके मोडके वाटू लागतात.

आता मुख्य प्रश्न. वाराचा काहीच परिणाम नसेल, तर कोणत्याही आठवड्यात गुरुवार तळाला असण्याची शक्यता सातात एक. दहा आठवड्यांत असं साधारण दीड वेळा व्हावं, आपल्याकडे चार वेळा झालंय. निव्वळ योगायोगाने चार किंवा त्याहून जास्त वेळा होण्याची शक्यता स्प्रेडशीट लगेच सांगते:

```
=1-BINOM.DIST(3,10,1/7,TRUE)
```

उत्तर सुमारे ०.०४. शंभरात चार. पाचाच्या खाली आलं की "कल खरा" म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे बरेच जण इथेच थांबतात आणि इथेच फसतात.

कारण गुरुवार आपण आधी निवडलेला नव्हता, वही पाहून निवडला. मंगळवार चार वेळा तळाला असता, तर मालक म्हणाला असता, मंगळवारी गणपतीचा वार, लोक खात नाहीत. शनिवार असता तर मारुतीचा वार. पुण्यात कुठल्याही वाराला सांगायला कारण सापडतं! म्हणून खरा प्रश्न असा: सातांपैकी *कोणताही* वार दहा आठवड्यांत चार वेळा तळाला येण्याची शक्यता किती?

हे चिठ्ठ्यांनी करून बघता येतं. डब्यात सात वारांच्या सात चिठ्ठ्या टाका. एक काढा, लिहा, परत टाका, असं दहा वेळा. कुठला वार जास्तीत जास्त किती वेळा आला ते मोजा. हाच खेळ शीटमध्ये हजार वेळा खेळायचा. पहिल्या ओळीत A ते J या दहा रकान्यांत पहिलं सूत्र घाला, K मध्ये दुसरं, दोन्ही हजार ओळींपर्यंत खाली ओढा. तिसरं एकदाच, कुठल्याही रिकाम्या रकान्यात.

```
=RANDBETWEEN(1,7)
=COUNTIF(A1:J1,MODE(A1:J1))
=COUNTIF(K1:K1000,">=4")/1000
```

उत्तर ०.२९ च्या आसपास येतं. दर वेळी थोडं हलतं, त्याची काळजी नको. म्हणजे काहीही कल नसलेल्या दहा गाड्यांपैकी जवळजवळ तीन गाड्यांना दहा आठवड्यांत असा एखादा "वाईट वार" सापडणारच. वही तीच, पण शंभरात चार वरून आपण शंभरात एकोणतीसवर आलो. पोराला सुट्टी द्यायला हे पुरेसं नाही.

मग करायचं काय? गुरुवारचा संशय कागदावर लिहून ठेवायचा आणि इथून पुढच्या आठवड्यांची नवी वही चालू करायची. जुने दहा आठवडे त्यात मिसळायचे नाहीत. संशय त्यांनीच निर्माण केला, त्यांचीच साक्ष काढणं बरोबर नाही. समजा पुढच्या सोळा आठवड्यांत गुरुवार सात वेळा तळाला आला. आता वार आधीच ठरलेला आहे, म्हणून साधं सूत्र चालतं:

```
=1-BINOM.DIST(6,16,1/7,TRUE)
```

उत्तर सुमारे ०.००४, हजारात चार. हे वजनदार आहे. पण अजून एक खोच आहे. अंड्याच्या धंद्यात बुधवार, रविवार कधीच तळाला येत नसतील, तर उरलेल्या पाचांतच स्पर्धा आहे. तेव्हा गुरुवारची शक्यता सातात एक नव्हे, पाचात एक धरायला हवी. सूत्रात 1/7 च्या जागी 1/5 घाला, उत्तर सुमारे ०.०२७ होतं. पुरावा पातळ झाला, तरी टिकला. मी असं कडक गणितच धरीन.

टिकला म्हणजे कारण कळलं असं नाही. गुरुवारी दत्ताचा, साईबाबांचा उपास करणारे बरेच असतात. पण पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर तेही बहुधा गुरुवारीच. गाडीला पाणी नसल्याने ती लवकर आवरली जात असेल, तर दोष उपासाचा नाही आणि उपाय पाण्याचा एक जादा पिंप आहे. हे ओळखायला वहीत आणखी एक रकाना करा: गाडी किती वाजता बंद केली. पाणी चालू असलेले गुरुवार वेगळे काढून पाहा.

महिन्यांचं प्रकरण याहून अवघड, कारण सोळा आठवडे चार महिन्यांत जमतात आणि तीन ऑगस्ट जमायला तीन वर्षं लागतात. रोजच्या नोंदी शेकडो असल्या, तरी ऑगस्टबद्दलची साक्ष तीनच. एकच महिना तिन्ही वर्षं तळाला राहिला, तर कोणत्या तरी महिन्याच्या बाबतीत हे योगायोगाने घडण्याची शक्यता १४४ मध्ये १, हा हिशेब बरा वाटतो. पण धंदा वाढता असेल तर जानेवारी दर वर्षी तळाला आणि डिसेंबर वर येणारच, आणि त्यात ऋतूचा काही संबंध नाही. म्हणून महिन्याची तुलना आजूबाजूच्या दोन-दोन महिन्यांशी करा.

आणि आपल्याकडे मुळात महिना कोणता, हाच प्रश्न असतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलैला सुरू झाला, निज श्रावण १७ ऑगस्टला. २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टपासून, तर २०२५ मध्ये २५ जुलैपासून होता. गणपती २०२३ ला १९ सप्टेंबरला बसले, २०२५ ला २७ ऑगस्टला. अंडी बंद होतात श्रावणामुळे, ऑगस्टमुळे नव्हे. इंग्रजी महिन्यांनी बेरीज केली तर खरा कल दोन-तीन महिन्यांत सांडतो आणि एकाही महिन्यात ठळक दिसत नाही. तेव्हा तारखेशेजारी मराठी महिन्याचा रकाना ठेवा आणि श्रावणाची तुलना त्याच वर्षीच्या आषाढ आणि भाद्रपदाशी करा, त्यातही भाद्रपदातले गणपतीचे दिवस वगळून. अधिक महिना वेगळा लिहायचा, त्यात कोण पाळतं आणि कोण नाही हे गल्ला पाहूनच कळेल.