अंडी-चीजच्या कीटो जेवणात तूप पुरेसं आहे का?

भुर्जी तुपात निथळतेय, म्हणजे कीटोचं गणित जमलं असं नसतं. कीटो आहारात बहुतेक कॅलरी स्निग्धांशातून यायला हव्यात, आणि स्निग्धांशाची ही टक्केवारी वजनाची नाही, कॅलरींची काढायची. स्निग्धांशाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, प्रथिनं आणि कर्बोदकांच्या एका ग्रॅमला 4.

तीन अंडी आणि 40 ग्रॅम प्रोसेस्ड चीज घ्या. दोन्हींत मिळून साधारण 25 ग्रॅम स्निग्धांश, 27 ग्रॅम प्रथिनं, 2 ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे स्निग्धांशाच्या 225 कॅलरी, बाकीच्या 116, एकूण 341. वाटा फक्त 66 टक्के! अंड्यांतली प्रथिनं तो खाली ओढतात. आता 14 ग्रॅम तूप, म्हणजे एक सपाट मोठा चमचा घाला: 351 भागिले 467, म्हणजे 75 टक्के. 28 ग्रॅम घातलंत तर 80. लक्ष्य 75 असेल तर दुसरा चमचा कशाला?

चूक बहुतेक वेळा कढईत होते. थिजलेल्या तुपाचा शीग लावलेला चमचा सपाट चमच्यापेक्षा बराच जास्त भरतो, म्हणून तूप काट्यावरच मोजा. उलट 28 ग्रॅम घालून 10 ग्रॅम कढईला राहिलं, तर वाटा 77 वर येतो. शेवटी तीच भुर्जी कढईत फिरवून तूप पुसून घ्या. चीजचे आकडे मात्र तुमच्या पाकिटावरून घ्या; ब्रँडनुसार फरक पडतो.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर हा आहार डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.