परदेश सहलीच्या फोटोंची वेळ दुरुस्त करताना या चुका टाळा

मे महिन्यात मुंबईहून झुरिकला जाताना कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहिलं आणि मोबाईलने मात्र उतरल्यावर स्वतःहून स्थानिक वेळ घेतली, तर अल्बममध्ये दोघांचे फोटो साडेतीन तासांनी फाटतात. खरा घोळ रात्रीचा. तळ्याकाठी रात्री नऊला काढलेल्या फोटोवर कॅमेरा साडेबारा आणि पुढची तारीख टाकतो, म्हणजे तो फोटो थेट दुसऱ्या दिवसात जाऊन बसतो.

फरक अंदाजाने धरणे

झुरिक उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे सहल त्या रविवारच्या अलीकडे-पलीकडे पसरली असेल तर फोटोंचे दोन गट करावे लागतात. शिवाय कॅमेऱ्याचं घड्याळ मुळात दोन-चार मिनिटं पुढेमागे असतंच. म्हणून ज्यात घड्याळ स्पष्ट दिसतंय असा कॅमेऱ्याचा एक फोटो शोधा. समजा स्टेशनवरच्या घड्याळात १४:१२ वाजलेत आणि फाइल म्हणते १७:४४. फरक ३ तास ३२ मिनिटं. त्यातले साडेतीन तास देशाचे, दोन मिनिटं कॅमेऱ्याची. पुढच्या सहलीत पहिल्याच दिवशी मोबाईलच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवा, शोधाशोध वाचेल.

काही प्रोग्रॅममध्ये वेळ सरकवायला फक्त पूर्ण तासांची यादी येते. आपला अर्धा तास त्यात बसत नाही. तिथे एका फोटोची खरी वेळ टाकून बाकीचे त्याच प्रमाणात सरकवण्याचा पर्याय असेल तर तो वापरा.

सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवून सरकवणे

मोबाईलचे फोटो बरोबर असतात. तेही सोबत सरकले की घोळ तसाच राहतो, फक्त तारखा बदलतात. कॅमेऱ्याचे फोटो `zurich` नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि निघण्याआधी मुंबईत काढलेले त्यातून बाजूला काढा. मग exiftool या आज्ञा टाइप करून चालवायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये:

```
exiftool "-AllDates-=3:32:00" -OffsetTimeOriginal=+02:00 zurich
```

वजाचं चिन्ह महत्त्वाचं. अधिक पडलं तर फोटो सात तासांनी चुकतात. दुसरा भाग फोटोत ‘ही वेळ जागतिक वेळेच्या दोन तास पुढची’ अशी नोंद करतो. फोटोतल्या तारखेच्या मूळ रकान्यात कुठल्या देशाची वेळ हे लिहायला जागाच नव्हती. हा वेगळा रकाना २०१६ मध्ये आला, आणि बरेच कॅमेरे तो अजूनही रिकामा सोडतात.

‘झालं की नाही’ म्हणून तीच आज्ञा पुन्हा चालवू नका. फोटो आणखी ३ तास ३२ मिनिटं मागे जातील. तसं झालंच तर exiftool मूळ फाइल `_original` नावाने जपून ठेवतं, ती परत आणता येते:

```
exiftool -restore_original zurich
```

म्हणून अल्बम नीट तपासेपर्यंत त्या जादा फाइली पुसू नका.

व्हिडिओही त्याच हिशोबात धरणे

व्हिडिओच्या आत तारीख जागतिक वेळेत लिहायची असा नियम आहे, पण काही कॅमेरे तिथे स्थानिक वेळच लिहितात. नियम पाळणाऱ्या कॅमेऱ्यात भारताचा टाइम झोन नीट लावलेला असेल, तर व्हिडिओत साडेतीन तासांची चूक नसतेच. सरकवलात तर नवी तयार होते. म्हणून एखाद्या व्हिडिओच्या लगेच आधी काढलेला फोटो घ्या, त्याची दुरुस्तीआधीची वेळ आणि व्हिडिओची वेळ शेजारी ठेवा. व्हिडिओ साडेपाच तास मागे दिसला तर तो जागतिक वेळेत आहे. फक्त ती दोन मिनिटं वजा करा. दोन्ही वेळा जुळल्या तर तो फोटोंसारखाच सरकवा.

विमानातले फोटो

इथे हुशार माणसंही फसतात. विमान मुंबईहून रात्री दीडला सुटलं आणि झुरिकला स्थानिक साडेसहाला उतरलं, म्हणजे आपले दहा. खिडकीतून आपल्या आठ वाजता काढलेला फोटो तसाच ठेवला तर तो उतरल्यानंतरच्या फोटोंमध्ये घुसतो. उलट, विमानात दोन वाजता काढलेला फोटो सरकवला तर तो आदल्या रात्री साडेदहाचा होतो आणि मुंबई विमानतळावरच्या पावणेएकच्या फोटोआधी जातो. तेव्हा झोपेआधीचे फोटो भारतीय वेळेवर ठेवा, जागं झाल्यावरचे झुरिकच्या. आठचा फोटो साडेचारचा होतो आणि क्रम जमतो. मधे कोणी फोटो काढले नसतील तरच ही युक्ती चालते. रात्रभर कॅमेरा चालू असेल तर स्थानिक वेळेत खरा क्रम बसवणं शक्यच नाही, कारण घड्याळाने साडेतीन तास पुन्हा मोजलेले असतात. तिथे भारतातल्या फोटोंवर `+05:30` आणि पुढच्यांवर `+02:00` अशी नोंद करा, आणि ती नोंद वाचून क्रम लावणारा प्रोग्रॅम वापरा.

तारीख फक्त ॲपमध्ये बदलणे

गुगल फोटोजमध्ये बदललेली तारीख मूळ फोटोच्या आत लिहिली जात नाही. गुगलच्या टेकआउट सोयीतून सगळं उतरवलं की ती वेगळ्या `.json` फाइलमध्ये येते आणि फोटोत जुनीच वेळ असते. आधी फाइल दुरुस्त करा, मग अपलोड. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंना मात्र हा उपाय नाही. त्यांच्यातली मूळ वेळ पाठवतानाच गळून पडते आणि नावातली तारीख फोटो काढल्याची नसते. सोबत्यांकडून फोटो ईमेलने किंवा ड्राइव्हवरून मूळ फाइल म्हणूनच मागवा.