प्रौढ वयात जर्मन शिकताना : चूक झाल्यावर काय बोलावे, काय बोलू नये

पुण्यात संध्याकाळच्या बॅचना मी जर्मन शिकवते. माझे बहुतेक विद्यार्थी पस्तिशी-चाळिशीचे आहेत : कोणी कंपनीतर्फे जर्मनीला जाणार असते, कोणी परिचारिका म्हणून तिथे नोकरी शोधत असते. व्याकरणाच्या चुका सगळेच करतात आणि त्या काळाबरोबर कमीही होतात. चूक झाल्यावर लाजून माणसे जे बोलतात, त्याचे नुकसान मात्र अधिक असते आणि ते वर्षानुवर्षे टिकते. म्हणून हा लेख त्या बोलण्यापुरता आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे न समजता ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणणे. मराठीत आपण ऐकताना ‘हं, हं’ करतो, त्याचा अर्थ ‘ऐकतो आहे’ एवढाच असतो. जर्मनमध्येही ऐकताना ‘या’ म्हणतात. पण समोरच्याने प्रश्न विचारल्यावर तुम्ही ‘या, या, डांकं’, म्हणजे ‘हो, हो, धन्यवाद’, म्हणालात की तो होकार ठरतो आणि विषय तिथेच संपतो.

माझे एक विद्यार्थी श्टुटगार्टजवळच्या एका गावी नोकरीसाठी गेले. वय एक्केचाळीस, परीक्षेत उत्तम गुण. तिथे दाढ दुखू लागली म्हणून त्यांनी दवाखान्यात फोन केला. स्वागतकक्षातील बाई म्हणाल्या, ‘डोनर्सटाग उम हाल्प द्राय, पास्ट डास?’ म्हणजे ‘गुरुवारी हाल्प द्रायला, जमेल का?’ ‘हाल्प’ म्हणजे अर्धा आणि ‘द्राय’ म्हणजे तीन, हे त्यांना ठाऊक होते. इंग्रजीच्या सवयीने त्यांनी मनाशी ‘साडेतीन’ असा अर्थ लावला. थोडी शंका होती, पण इतकी साधी गोष्ट पुन्हा विचारायची लाज वाटली, आणि ते ‘या, या, डांकं’ म्हणून मोकळे झाले. गुरुवारी ते तीन वाजून पंचवीस मिनिटांनी पोहोचले, तेव्हा त्यांची वेळ उलटून जवळजवळ तास झाला होता. पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आणि तोवर दाढ दुखतच राहिली.

‘हाल्प द्राय’ म्हणजे अडीच. तिसरा तास अर्धा झाला, अशी ती मोजणी आहे. आपला ‘अडीच’ हा शब्दही संस्कृत ‘अर्धतृतीय’ यावरूनच आला आहे, म्हणजे मोजण्याची रीत एकच. त्यांनी मनातल्या मनात इंग्रजीऐवजी मराठीचा आधार घेतला असता, तर घोटाळा झालाच नसता. (त्या भागात सव्वादोनला ‘फिअर्टल द्राय’ आणि पावणेतीनला ‘द्रायफिअर्टल द्राय’ म्हणणारेही भेटतात; मोजणी तीच, तिसऱ्या तासाचा पाव आणि पाऊण.)

ते सुट्टीत पुण्याला आले तेव्हा आम्ही तो फोन वर्गात पुन्हा केला. बाईंचे वाक्य तेच ठेवले, उत्तर बदलले : ‘आइनन मोमेंट, बिटं. डोनर्सटाग, फिअर्त्सेन ऊअर द्रायसिश?’ म्हणजे ‘एक क्षण थांबा. गुरुवार, चौदा वाजून तीस मिनिटे?’ या वाक्यात ‘मला समजले नाही’ अशी कबुली कुठेही नाही. ऐकलेली गोष्ट आपण दुसऱ्या शब्दांत परत सांगतो. बरोबर असेल तर बाई ‘गेनाउ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणतील आणि चुकली असेल तर त्या स्वतःच दुरुस्त करतील. जर्मनीत रेल्वेची वेळापत्रके आणि भेटीच्या चिठ्ठ्या चोवीस तासांच्या घड्याळातच असतात, त्यामुळे असे बोलणे कोणाला खटकत नाही. वेळ, तारीख, रक्कम आणि पत्ता या चार गोष्टी उलट सांगितल्याशिवाय माझ्या वर्गात कोणताही संवाद पूर्ण झाला असे मी मानत नाही.

दुसरी चूक दिसायला नम्र आहे, म्हणून ती सुटत नाही. तोंड उघडताच ‘एन्टशुल्डिगुंग, माइन डॉइच इस्ट श्लेष्ट’ म्हणायचे, म्हणजे ‘माफ करा, माझे जर्मन वाईट आहे’. हे ऐकल्यावर समोरच्याकडे दोनच वाटा उरतात. एक तर तो ‘नाही हो, छान बोलता’ म्हणून तुमची समजूत काढतो, किंवा थेट इंग्रजीवर येतो. दोन्ही वेळा बोलणे तुमच्या कामावरून तुमच्या जर्मनवर सरकते. माफी मागण्याऐवजी मदत मागावी, आणि नेमकी कोणती ती सांगावी. भराभर बोलणाऱ्याला ‘लांगझामर, बिटं’, म्हणजे ‘थोडे सावकाश’. शब्द अडला तर वस्तूकडे बोट दाखवून ‘वी झाग्ट मान डास आउफ डॉइच?’, म्हणजे ‘याला जर्मनमध्ये काय म्हणतात?’ समोरचा इंग्रजीवर आलाच तर ‘आउफ डॉइच, बिटं, इश लेर्नं नोख’, म्हणजे ‘जर्मनमध्येच बोला, मी अजून शिकतो आहे’. ‘शिकतो आहे’ आणि ‘वाईट आहे’ या दोन वाक्यांना मिळणारी वागणूक अगदी वेगळी असते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

चूक लक्षात आल्यावर संपूर्ण वाक्य पहिल्यापासून म्हणू नका. काटा-चमच्यातला काटा मराठीत पुल्लिंगी, जर्मनमध्ये ‘गाबल’ स्त्रीलिंगी. तोंडून पुल्लिंगी ‘डेअर गाबल’ निघाले तर स्त्रीलिंगी ‘डी गाबल’ एवढाच तुकडा दुरुस्त करून पुढे जा. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, सुरी मात्र तिकडे नपुंसकलिंगी. हे पाठ होईपर्यंत चुकेलच, आणि चुकले तरी काटा टेबलावर येतोच.

थंडी वाजत असताना ‘इश बिन काल्ट’ म्हणू नका. त्याने स्वभावाचा थंडपणा सूचित होतो. ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणा. ‘मला थंडी वाजते’ मधला ‘मला’ तिथे जसाच्या तसा आहे.

आकडे इंग्रजीतून जुळवू नका. बावन्न म्हणजे ‘त्स्वायउंटफ्युन्फत्सिश’, आधी दोन आणि मग पन्नास, आपल्यासारखेच. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस अशा आकड्यांपाशी ही जोडी तुटते, कारण जर्मन तिथे नऊ आणि वीस, नऊ आणि तीस असेच म्हणते.

बी-वन म्हणजे जर्मनची मध्यम पातळीची परीक्षा. ‘तीन महिन्यांत बी-वन’ अशी जाहिरात वाचून येणाऱ्यांना ही वाक्ये वेळ वाया घालवणारी वाटतात, कारण परीक्षेच्या पुस्तकात ती धडा म्हणून येत नाहीत. मला ही घाई पटत नाही. बी-वनच्या तोंडी परीक्षेत दोन परीक्षार्थींनी मिळून एखादी योजना ठरवायची असते, आणि जोडीदाराचे नीट ऐकू आले नाही तर तिथेही हीच वाक्ये लागतात. शिवाय ती नुसती पाठ असून भागत नाही, कारण लाज वाटली की पाठ केलेले आधी विसरते. मी पहिल्या महिन्यात रोज वर्गाच्या सुरुवातीला पाच मिनिटे मुद्दाम भराभर आणि पुटपुटत बोलते, आणि प्रत्येकाने मला किमान एकदा थांबवावे असा नियम ठेवते. पहिल्या आठवड्यात कोणी थांबवत नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझे वाक्य पूर्ण होऊ देत नाहीत.

येथे दिलेली वाक्ये देवनागरीवरून उच्चारायला मात्र शिकू नका. ‘फ्युन्फ’मधला स्वर आणि ‘इश’मधला शेवटचा ध्वनी आपल्या लिपीत बसत नाही, ध्वनिफीत ऐका, स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐकून फरक कोठे पडतो ते शोधा.