सामान हलवताना किलोमीटर कुठून कुठे मोजणार, ते आधी विचारा

ट्रकवाल्याने किलोमीटरचा दर सांगितला की आपण दोन घरांमधलं अंतर गुणतो आणि खूश होतो. फसगत इथेच होते. समजा, नवं घर ९० किलोमीटरवर आहे. गाडी तिच्या तळावरून जुन्या घरी यायला १२, पुढे ९० आणि रिकामी तळावर परतायला ९६ किलोमीटर चालते. मीटर तळापासून तळापर्यंत धरला तर बिल १९८ किलोमीटरचं, म्हणजे दुपटीहून जास्त. म्हणून दर कमी-जास्त करण्याआधी रिकामा परतीचा फेरा धरला आहे का, हे विचारा. तिकडून परतीचा माल मिळणारी गाडी असेल तर तो फेरा बऱ्याचदा सुटतो. अशी गाडी मिळावी म्हणून तारखेत एक-दोन दिवस मागेपुढे करायची तयारी ठेवा.

हमालीचं गणित वेगळं. ती अंतरावर नाही, जिन्यांवर आणि चालण्यावर ठरते. दोन्ही घरांचा मजला, लिफ्टमध्ये कपाट मावतं का, ट्रक दारापासून किती पावलांवर थांबेल, हे फोनवरच सांगा. जड कपाट आणि वॉशिंग मशीन नावानिशी सांगा, नाहीतर जिन्यात मध्येच जादा पैशांचा विषय निघतो. आणि उतरवायला हीच माणसं येणार की तिकडे वेगळी शोधायची? ‘हमालीसकट’ म्हणताना पुष्कळदा फक्त भरणीच धरलेली असते. चढवणं आणि उतरवणं, दोन्ही आकडे मेसेजवर लिहून घ्या.