जर्मनीत पदवीनंतर स्वतःचा व्यवसाय: १८ महिन्यांत करायची तयारी

पदवी हातात येण्याआधीच एक काम उरकून टाका. तुमच्या निवास परवान्याच्या कार्डासोबत एक जोडकागद मिळतो, त्याला त्सुझात्सब्लाट म्हणतात. तो काढून नीट वाचा. शिकत असताना त्यावर बहुधा वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करण्याची मुभा लिहिलेली असते, पण ती नोकरीची मुभा आहे. स्वतःच्या नावाने बिल फाडून पैसे घेणे म्हणजे स्वयंरोजगार, आणि त्यासाठी आउसलेंडरबेहोर्डची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, वेगळी परवानगी लागते. ‘छोटंसं काम आहे, मित्राच्या कंपनीसाठी वेबसाइट करतोय’ असे म्हणून परवानगीशिवाय बिल दिले, तर ते बिल पुढे करखात्याच्या कागदांत दिसते आणि परवान्याच्या अर्जाच्या वेळी त्याचे उत्तर द्यावे लागते. शेवटच्या सत्रात एखादा ग्राहक मागे लागला असेल, तर आधी लेखी परवानगी मागा किंवा निकालापर्यंत थांबा.

निकाल लागला की लगेच १८ महिन्यांच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. निवास कायद्याच्या कलम २० खाली जर्मन विद्यापीठाच्या पदवीधरांना तो नोकरी शोधण्यासाठी मिळतो. नाव नोकरीचे असले, तरी त्या काळात कोणतेही काम करता येते आणि त्यात स्वयंरोजगारही येतो. जोडकागदावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट’ असे असेल तर दोन्ही वाटा खुल्या आहेत, कारण कायद्यात या शब्दात नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्ही धरले आहेत. त्याऐवजी फक्त ‘बेशेफ्टिगुंग’ लिहिलेले दिसले तर ती निव्वळ नोकरी झाली. अशा वेळी खिडकीवरच विचारा, घरी येऊन कागद फाइलला लावू नका.

पदवीधरांसाठी हे १८ महिने फार मोलाचे आहेत असे माझे ठाम मत आहे, आणि बरेच जण त्यातले पहिले वर्ष केवळ अर्ज पाठवण्यात घालवतात याचे वाईट वाटते. हा परवाना वाढवून मिळत नाही. तो संपायच्या आत पुढच्या परवान्यासाठी दाखवण्याजोगा चालू व्यवसाय उभा करायचा आहे, आणि ते कायदेशीरपणे करायला हाच काळ दिलेला आहे.

पुढचा परवाना कलम २१ खाली येतो आणि त्यातली पोटकलमे नीट समजून घ्यायला हवीत. पोटकलम १ सर्वसाधारण व्यावसायिकांसाठी आहे. तिथे आर्थिक हित किंवा स्थानिक गरज, अर्थव्यवस्थेवरचा अनुकूल परिणाम आणि भांडवलाची तजवीज हे सगळे सिद्ध करावे लागते. पोटकलम ५ फ्रीलान्सरांसाठी आहे. पण जर्मनीतच शिकलेल्यांसाठी २अ हे वेगळे पोटकलम आहे आणि ते अनेकांना माहीतच नसते. त्यात पोटकलम १ च्या अटी लागत नाहीत. मात्र तुमचे काम आणि तुमचे शिक्षण यांचा संबंध दिसला पाहिजे. यांत्रिकी अभियंत्याने डिझाइन सल्लागार व्हायचे ठरवले तर तो संबंध उघड आहे. त्यानेच कॅफे काढायचा म्हटले तर त्याला पोटकलम १ ची वाट धरावी लागेल. २अ असले तरी परवाना देणे हा अधिकाऱ्याच्या अखत्यारीतला निर्णय आहे, हक्क नव्हे. म्हणून कागद भक्कम हवेत.

पाच आणि २अ यांतला फरक तीन वर्षांनी जाणवतो. कलम २१ चा परवाना एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. व्यवसाय यशस्वी चालला आणि उदरनिर्वाह भागत असला, तर तीन वर्षांनंतर कायमस्वरूपी निवास मिळू शकतो. ही सवलत पोटकलम ५ ला लागू नाही. त्यामुळे तुम्ही फ्रीलान्सर असलात तरी अर्जाच्या पत्रात ‘२अ खाली’ असे स्पष्ट लिहा आणि पदवी व काम यांचा दुवा एका परिच्छेदात मांडा.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मुलीने यांत्रिकी अभियांत्रिकीत मास्टर्स केले आहे आणि तिला कंपन्यांसाठी संगणकावर भागांची ताकद तपासून देण्याचे काम करायचे आहे. पहिल्या महिन्यात ती करखात्याच्या, म्हणजे फिनान्साम्टच्या, एल्स्टर या पोर्टलवर नोंदणीची प्रश्नावली भरते. काम सुरू केल्यापासून एका महिन्याच्या आत हे करायचे असते. अभियंता हा फ्रीलान्स पेशांच्या यादीतला असल्याने तिला व्यापार नोंदणी लागत नाही. तिने तयार माल विकायचे ठरवले असते तर आधी गेवेर्बआम्टमध्ये नोंद करावी लागली असती. करक्रमांक यायला काही आठवडे जातात आणि त्याशिवाय बिल नीट निघत नाही, म्हणून पहिल्या ग्राहकाला तारीख देताना हे धरून चाला. प्रश्नावलीत ती छोट्या व्यावसायिकाची सवलत मागते. २०२५ पासून मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोपर्यंत असेल तर बिलात विक्रीकर लावावा लागत नाही. नव्याने सुरू करणाऱ्याला पहिल्याच वर्षी ही मर्यादा ओलांडू नये याकडे लक्ष ठेवावे लागते.

तिचा आर्थिक आराखडा एका पानात मावतो. तासाला ६० युरो आणि महिन्याला ६० बिलयोग्य तास म्हणजे ३,६०० युरो. सॉफ्टवेअर आणि इतर खर्च ३०० धरले की ३,३०० उरतात. आरोग्य विम्याला साधारण ७००, प्राप्तिकराला अंदाजे ४००, भाड्याला ७५० आणि जेवणखाण-प्रवासाला ६०० काढले तरी सुमारे ८५० शिल्लक राहतात. हा हिशोब पटतो, पण विक्रीकराची सवलत वर्षभर टिकवायची असेल तर पहिल्या वर्षात कामाचे महिने सहाच ठेवावे लागतील, नाहीतर विक्रीकर लावून बिल द्यावे लागेल. शिवाय पहिले दोन महिने शून्य उत्पन्न दाखवून तेवढी बचत खात्यात आहे हे दाखवावे. प्रत्येक महिना सारखाच गुलाबी असलेला आराखडा अधिकाऱ्याला खरा वाटत नाही.

आरोग्य विम्याचा विचार मात्र याहून बराच आधी हवा. विद्यार्थी असताना सरकारी विमाकोषात असाल तर पदवीनंतर तिथेच ऐच्छिक सदस्य म्हणून राहता येते. हप्ता उत्पन्नाच्या सुमारे २० टक्के पडतो आणि उत्पन्न नगण्य असले तरी एका किमान पातळीवर भरावाच लागतो. प्रवेशाच्या वेळी स्वस्त पडतो म्हणून खाजगी विमा घेतला असेल, तर व्यावसायिक म्हणून सरकारी कोषात परतणे फार कठीण असते. प्रवासी विमा तर परवान्यासाठी चालतच नाही.

ग्राहकांकडून सह्या घेतलेली इरादापत्रे गोळा करा, आणि ती निदान दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची असू द्या. सगळे उत्पन्न एकाच कंपनीकडून, तिच्याच कार्यालयात बसून, तिच्याच साहेबाच्या सूचनेवरून येत असेल, तर ती लपवलेली नोकरी ठरू शकते. मग विम्याच्या थकबाकीचा बोजा येतो आणि परवानाही डळमळतो.

अर्ज १८ महिने संपायच्या आधी पोहोचला पाहिजे. वेळ मिळायला काही शहरांत महिनोन्‌महिने लागतात. पण अर्ज मुदतीत केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुन्या परवान्याचे हक्क चालू राहतात आणि त्याचा दाखला, फिक्तिओन्सबेशाइनिगुंग, मागून घेता येतो. मुदत उलटून एक दिवस गेला तरी हे संरक्षण मिळत नाही आणि चालू काम बंद ठेवावे लागू शकते. नवे कार्ड आले की त्यावरचे पोटकलम आणि जोडकागदावरचे कामाचे वर्णन ताडून पाहा. वर्णनात जे काम लिहिले आहे तेवढेच करता येते; नवी शाखा काढायची झाली तर आधी त्याच कार्यालयात लेखी विचारा.